तुम्ही नाही, तर दुसरा कुणीतरी

दहावीला मराठीच्या विषयात ८० गुण लेखी परीक्षेचे असतात आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. आमची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, आणि एसटीत, बँकेत, तलाठ्याकडे त्यांना मराठी लागते. त्यामुळे त्या वीस गुणांतली तोंडी परीक्षा मला लेखी पेपरापेक्षाही महत्त्वाची वाटत आली आहे. समोर उभं राहून चार वाक्यं न अडखळता बोलता आली, की त्या मुलाचं पुढचं बरंच काही सोपं होतं.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. समोर माझाच गुणतक्ता होता. कुणाला अकरा, कुणाला चौदा, दोघींना अठरा.

"मॅडम, सगळ्या शाळा वीसपैकी वीस देतात. आपण नाही दिले तर नुकसान आपल्याच मुलांचं," ते म्हणाले.

"पण सर, ज्याला दोन वाक्यं जोडता येत नाहीत त्याला वीस कसे देऊ?"

"मग तुम्ही देऊ नका. तक्ता मी दुसऱ्या कुणाकडे देतो. ते मुलांना बोलावणारही नाहीत. स्टाफरूममध्ये बसून दहा मिनिटांत आकडे भरतील. तुम्ही केलंत तर निदान तोंडी परीक्षा तरी होईल."

ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि त्यांचा युक्तिवादही वाईट नव्हता. घरी येऊन मी तो उलटसुलट तपासला. मी नाही म्हटलं तरी गुण वीसच पडणार. वर मुलांची तोंडी परीक्षाही बुडणार. हो म्हटलं तर गुणही मिळतील आणि परीक्षाही होईल. नुकसान कुणाचं? माझं मन थोडं खट्टू होईल, इतकंच. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

त्या सहीचं काय चुकलं, किंवा चुकलं की नाही, हे मला बरीच वर्षं नीट मांडता येत नव्हतं. बी.एड.च्या गाईडमध्ये उपयुक्ततावादावर दीड पान होतं: बेंथम, मिल, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. त्या हिशोबाने माझी सही बरोबरच होती. मग बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचा एक निबंध वाचनात आला आणि माझ्याच केबिनमधला प्रसंग मला तिथे भेटला, फक्त शाळेच्या जागी प्रयोगशाळा होती.

हा निबंध १९७३ सालचा. 'युटिलिटेरियनिझम: फॉर अँड अगेन्स्ट' नावाच्या छोट्या पुस्तकात पहिला अर्धा भाग जे. जे. सी. स्मार्ट यांनी उपयुक्ततावादाच्या बाजूने लिहिला आहे आणि दुसरा विल्यम्स यांनी विरोधात. विल्यम्स यांचा आक्षेप इंग्रजीत 'इंटिग्रिटी'चा आक्षेप म्हणून ओळखला जातो. या शब्दाचं भाषांतर आपण सहसा 'सचोटी' असं करतो, आणि तिथेच घोटाळा होतो. सचोटी म्हटलं की लाच न घेणारा कारकून डोळ्यांपुढे येतो. विल्यम्स यांना ते अभिप्रेत नाही. गणितात आपण ज्याला पूर्णांक म्हणतो त्याला इंग्रजीत 'इंटिजर' म्हणतात, आणि इंटिग्रिटी हा त्याच मुळाचा शब्द आहे. उर्दूत याला जवळचा शब्द 'सालिम', म्हणजे अख्खा, न तुटलेला. मराठीने तो भाव 'सहीसलामत'मध्ये जपून ठेवला आहे. प्रश्न असा आहे: उपयुक्ततावाद मनापासून पाळणारा माणूस आतून सालिम राहू शकतो का? की आपण ज्यासाठी जगतो त्यापासूनच तो तुटतो?

विल्यम्स यांचं उदाहरण असं. जॉर्ज नावाचा तरुण आहे. रसायनशास्त्रात नुकतीच पीएच.डी. झाली आहे, पण नोकरी मिळत नाही. तब्येत फारशी दणकट नाही, त्यामुळे मिळेल ते काम करता येत नाही. बायको नोकरी करून घर चालवते, मुलं लहान आहेत, त्यांना सांभाळण्यावरून घरात ताण आहे. जॉर्जला ओळखणारे एक वयस्कर रसायनतज्ज्ञ त्याला सांगतात की एका प्रयोगशाळेत बऱ्या पगाराची जागा मिळवून देतो. तिथे रासायनिक आणि जैविक युद्धावर संशोधन चालतं. जॉर्ज म्हणतो, मला हे जमणार नाही, माझा अशा शस्त्रांना विरोध आहे. ते म्हणतात, मलाही ते फार आवडतं असं नाही, पण तू नकार दिल्याने प्रयोगशाळा बंद होणार नाही. शिवाय तू नाही म्हणालास तर ही जागा ज्या माणसाला जाणार आहे तो मला माहीत आहे. त्याला असले प्रश्न पडत नाहीत. तो हे काम तुझ्यापेक्षा कितीतरी जोमाने पुढे नेईल. खरं सांगायचं तर तुझ्या घरच्या अडचणीइतकीच मला त्याच्या उत्साहाची भीती वाटते. जॉर्जच्या बायकोलाही या संशोधनात विशेष काही वावगं दिसत नाही.

आता हिशोब मांडू. जॉर्जने नोकरी घेतली तर घर सावरतं, बायकोवरचा भार हलका होतो, मुलांना आईबाप जास्त मिळतात, आणि शस्त्रांचं काम सावकाश चालतं. नाही घेतली तर घर तसंच ओढगस्तीत राहतं आणि शस्त्रं लवकर तयार होतात. नकाराच्या बाजूने उरते फक्त एक गोष्ट, जॉर्जला वाटणारी तिडीक. उपयुक्ततावाद तिलाही पारड्यात टाकतो. अप्रिय भावना म्हणजे दुःख, आणि दुःख मोजायचंच असतं. पण एका माणसाची तिडीक इतक्या सगळ्या लाभांपुढे किती भरणार?

वाचकाला वाटेल, विल्यम्स यांचं म्हणणं असणार की हे उत्तर चूक आहे. जॉर्जच्या बाबतीत त्यांना ते चूक वाटतंच. पण आक्षेप त्याहून खोल आहे. त्यांच्या दुसऱ्या उदाहरणात, वीस बांधलेल्या माणसांसमोर उभ्या असलेल्या जिमच्या बाबतीत, उपयुक्ततावादाचं उत्तर बहुधा बरोबर आहे असं त्यांनाही वाटतं. त्या उदाहरणाकडे पुढे येते. त्यांची तक्रार अशी की उपयुक्ततावादाला ही उत्तरं अगदी उघड वाटतात. जिथे माणूस रात्रभर जागा राहील तिथे त्याला कागदावरची बेरीज दिसते. आणि ज्या गोष्टीमुळे माणूस जागा राहतो ती या बेरजेत चुकीच्या खात्यावर मांडली जाते.

हे चुकीचं खातं म्हणजे काय, ते पाहू. जॉर्जची तिडीक म्हणजे पोटदुखी नव्हे. पोट दुखलं तर गोळी घेऊन ते थांबवलं की प्रश्न संपतो. जॉर्जला एखादी गोळी दिली आणि विषारी वायूंबद्दल काही वाटेनासं झालं, तर त्याचा प्रश्न सुटला असं तो स्वतः म्हणेल का? नाही. कारण त्याची तिडीक कशाबद्दल तरी आहे. 'माणसं गुदमरून मारण्याची साधनं बनवू नयेत' या त्याच्या मताची ती दुसरी बाजू आहे. उपयुक्ततावाद ते मत बाजूला काढतो आणि फक्त तिडीक उचलून तराजूत टाकतो, जणू ती जॉर्जच्या अंगातली एखादी खोड आहे. जॉर्जने हा हिशोब मान्य केला, तर त्याला स्वतःच्या मताकडेही तसंच बघावं लागेल: माझी एक अडचण, जरा हळवेपणा, आवरता आला तर बरं. स्वतःच्या अंतःकरणाला असं परक्याच्या नजरेने बघणं म्हणजेच विल्यम्स ज्याला दुरावा म्हणतात ते. "माझं मन थोडं खट्टू होईल, इतकंच" हे माझंच वाक्य मला इथे आठवलं. मीही माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्याला मनाचं खट्टू होणं असं नाव देऊन तराजूत टाकलं होतं.

या आक्षेपाचा दुसरा धागा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. उपयुक्ततावादात मी जे करते आणि मी जे होऊ देते यांत मुळात फरक नाही. परिणाम तोच असेल तर जबाबदारीही तीच. वरवर हे फार उदात्त वाटतं. 'माझा काय संबंध' म्हणून हात झटकणाऱ्यांना हा चांगला चाप आहे. पण जॉर्जच्या प्रसंगात त्याचं काय होतं ते बघा. तो दुसरा उमेदवार आळशी असता, तर जॉर्जने नकार दिला तरी चाललं असतं, कारण मग जॉर्जच्या जाण्याने काम फारसं मंदावलं नसतं. तो जितका जोमदार, तितकं जॉर्जचं तिथे जाणं सक्तीचं. म्हणजे जॉर्जने काय करावं हे कोण ठरवतं? ज्याला कसलाही विधिनिषेध नाही तो माणूस. तो जितका बेफिकीर, तितकी जॉर्जच्या आयुष्यावर त्याची पकड घट्ट.

हे एकदा ठरवून थांबतही नाही. जॉर्ज कामाला लागला असं धरू. आता त्याने काम सावकाश करायला हवं, नाहीतर जाण्याचा उपयोग काय? पण फार सावकाश केलं तर त्याला काढून त्या दुसऱ्यालाच घेतील. म्हणून त्याला पुरेसा उत्साह दाखवावा लागेल. वरिष्ठ खूश राहतील इतपत चांगले निष्कर्ष द्यावे लागतील. उद्या बढतीची जागा निघाली तर तीही घ्यावी लागेल, कारण त्या खुर्चीत दुसरा बसला तर आणखी वाईट. प्रत्येक पायरीवर हिशोब बरोबर आहे आणि प्रत्येक पायरीनंतर जॉर्ज त्या कामात आणखी खोल गेला आहे. दहा वर्षांनी कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर तो काय सांगेल? "मी रासायनिक शस्त्रं बनवतो, कारण माझा रासायनिक शस्त्रांना विरोध आहे"?

नोकरीत, संस्थेत, पक्षात अनेक भल्या माणसांचं असंच होताना आपण पाहतो. एकदम कुणी विकला जात नाही. "मी नाही तर दुसरा कुणीतरी" हे वाक्य दर वर्षी एकदा खरं ठरतं, आणि माणूस थोडाथोडा सरकत जातो.

तिसरा धागा जरा अमूर्त आहे, तो लग्नाच्या पंगतीवरून सांगते. पंगतीत वाढणारे हवेत हे खरं. पण सगळेच वाढपी झाले आणि जेवायला कुणी बसलंच नाही तर? प्रत्येक जण हातात पातेलं घेऊन विचारतो, "तुम्हाला काय वाढू?" आणि समोरचाही पातेलं घेऊन तेच विचारतो. सर्वांचं सुख वाढवणं ही दुसऱ्या पायरीची इच्छा आहे. तिला काही अर्थ यायचा तर पहिल्या पायरीवर लोकांना काहीतरी स्वतःहून हवं असलं पाहिजे. कुणाला मुलं वाढवायची असतात, कुणाला सतार शिकायची असते, कुणाला गावात वाचनालय काढायचं असतं, कुणाला अन्याय सहन होत नाही. सुख बहुतेक वेळा अशा कशात तरी बुडून गेल्यावर मिळतं. आणि अशा गोष्टींतल्या काही इतक्या मुळाशी असतात की त्या काढून टाकल्या तर तो माणूस तोच राहत नाही. त्याला सांगणं, 'ही तुझी एक आवड, इतरांच्या शंभर आवडींसारखी, बेरीज विरुद्ध गेली की सोडून दे', म्हणजे ज्या जमिनीवर तो उभा आहे तीच बाजारभावाने विकायला सांगणं.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. उपयुक्ततावादाचा सर्वांत मोठा वारस जॉन स्टुअर्ट मिल, त्यानेच ते भोगलं होतं. वडील जेम्स मिल यांनी त्याला लहानपणापासून बेंथमच्या विचारांत वाढवलं. त्याच्या आत्मचरित्रात १८२६ सालच्या शरद ऋतूची हकीगत आहे. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, म्हणजे आपल्याच देशाच्या कारभाराच्या कागदांवर, काम करत होता. त्याने स्वतःला विचारलं: समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात असं तुला वाटतं त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर तुला खरा आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्या एका उत्तराने तो कोसळला. अनेक महिने त्याला कशातच रस वाटेना. पुढे मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, लहान वयात वडील गेल्यावर घराचा आधार व्हायचं ठरवणाऱ्या मुलाचा प्रसंग आला आणि त्याला रडू फुटलं. आपण आतून अजून मेलेलो नाही, हे त्याला तेव्हा कळलं. या अनुभवातून त्याने काढलेला निष्कर्ष असा की सुखाला थेट लक्ष्य करू नये, दुसऱ्या कशावर तरी मन लावावं, सुख वाटेत भेटतं.

मिलच्या या निष्कर्षातच उपयुक्ततावाद्यांचं सर्वांत सशक्त उत्तर दडलेलं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर रेल्टन यांनी १९८४ साली ते नीट मांडलं. ते म्हणतात, उपयुक्ततावाद ही कृतीची कसोटी आहे. डोक्यात सतत चालू ठेवायचं गणकयंत्र ती नव्हे. त्यांच्या एका उदाहरणात जॉन नावाचा नवरा आहे. तो बायकोची फार काळजी घेतो. का, असं विचारलं तर सांगतो की तिच्या गरजा इतर कुणापेक्षा मला जास्त माहीत आहेत, म्हणून तिला मदत करायला मीच सर्वांत योग्य. बायकोने हे ऐकलं तर तिला काय वाटेल? त्याच्याशेजारी रेल्टन हुआनला उभं करतात. हुआन सांगतो, माझं तिच्यावर प्रेम आहे, म्हणून. खोदून विचारलं तर तो म्हणेल की अशी नाती असलेलं जग त्यांच्याशिवायच्या जगापेक्षा चांगलं असतं. पण तो विचार मागे असतो, रोजच्या वागण्यात तो मधे येत नाही. म्हणजे उपयुक्ततावादी माणूसही मनापासून प्रेम करू शकतो, एखाद्या कामाला वाहून घेऊ शकतो. कधी एखाद्या प्रसंगी हिशोबाच्या दृष्टीने चूक करू शकतो, आणि तरीही तसाच माणूस राहणं त्याच्यासाठी योग्य असू शकतं. मग दुरावा कुठे राहिला?

हे उत्तर मला अर्धं पटतं. मुलाला ताप आला असताना कुणी बेरीज करत बसत नाही आणि चांगला उपयुक्ततावादीही बसणार नाही, हे खरं. पण जॉर्जच्या दारात ते उत्तर अडतं. तिथे हिशोब मागे राहूच शकत नाही, कारण एक वयस्कर, समंजस माणूस तोच हिशोब हातात घेऊन समोर उभा आहे. त्या क्षणी जॉर्जला ठरवावंच लागतं की आपली निष्ठा ही उपयोगाची होती म्हणून बाळगली होती, की ती आपली होती. पहिलं असेल तर ती आता सोडायला हवी. आणि सोडता येण्याच्या अटीवरच बाळगलेल्या गोष्टीला निष्ठा म्हणतात का?

आता या आक्षेपाच्या मर्यादा सांगायला हव्यात, कारण त्याचा गैरवापर सोपा आहे. पहिला गैरवापर म्हणजे 'माझे हात स्वच्छ राहिले' हे समाधान. दुसऱ्याचं घर जळत असताना स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याची काळजी करणारा माणूस अखंड नसतो, आत्ममग्न असतो. विल्यम्स यांनी नंतर या आरोपावर वेगळा निबंधच लिहिला. मला त्यातून कळलेला फरक असा की जॉर्ज नकार देताना कशाकडे बघतो आहे हे पाहावं. तो विषारी वायूकडे आणि त्याने मरणाऱ्या माणसांकडे बघत असेल तर ती निष्ठा. तो आरशात बघत असेल तर ती चैन. इंटिग्रिटी हे कारण म्हणून पुढे करायची गोष्टच नाही. माणसाने ज्याची आस्था आहे त्यासाठी वागावं, अखंडपणा त्यातून आपोआप येतो.

दुसरी मर्यादा जिमची. दक्षिण अमेरिकेतल्या एका गावात वनस्पती शोधत आलेला हा माणूस चौकात येतो. सरकारविरोधी निदर्शनांनंतर दहशत बसावी म्हणून गावकऱ्यांपैकी कुणीही वीस जण पकडून भिंतीशी बांधले आहेत. कप्तान म्हणतो, तुम्ही पाहुणे, तुमच्या सन्मानार्थ तुम्ही स्वतः एकाला गोळी घाला, मी बाकीच्यांना सोडतो. नाही म्हणालात तर ठरल्याप्रमाणे विसांनाही मारतो. बांधलेले लोक आणि इतर गावकरी जिमला हो म्हणायची विनवणी करत आहेत. इथे 'माझं तत्त्व' म्हणून मागे वळणं मला तरी जमणार नाही, आणि विल्यम्सही तसा हट्ट धरत नाहीत. एका पारड्यात पुरेसे जीव असले तर निष्ठा हरू शकते. पण हरणं आणि मुळात मोजलीच न जाणं यात फरक आहे. जिमने गोळी घातली तर ती आयुष्यभर त्याची गोळी राहील. 'उत्तर बरोबर आलं' म्हणून त्याला शांत झोप लागली, तर आपण त्याच्यापासून जरा लांबच बसू.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर. द्वेषालाही निष्ठा असते. दुसऱ्या जातीच्या माणसाला घरात येऊ न देणं हे ज्याच्या आयुष्याचं मूळ आहे, तोही म्हणेल की हे सोडलं तर मी मी राहणार नाही. विल्यम्स यांचा आक्षेप त्याला संरक्षण देत नाही. निष्ठा खोल आहे म्हणून ती बरोबर आहे असं तो कुठेच म्हणत नाही. अशा माणसाशी तिच्या आशयावर भांडावं लागतं. तिथे उपयुक्ततावादाचा थंड प्रश्न, 'यातून कुणाचं किती दुःख होतं?', फार कामाचा असतो. आगरकरांसारखी माणसं मिल वाचून त्याच प्रश्नाने रूढींशी लढली. म्हणून मी बेंथमला वर्गाबाहेर काढायला निघालेली नाही. त्याने वर्गात बसावं, प्रश्न विचारावेत. हजेरीपट त्याच्या हातात देऊ नये, एवढंच.

मग सहीनंतर काय झालं ते सांगते. मुख्याध्यापकांनी शब्द पाळला, तोंडी परीक्षा मीच घेतली. एका मुलीला मी विचारलं, "तुझ्या मोहल्ल्याबद्दल बोल." ती नेहमी बोलणारी मुलगी. ती हसली आणि म्हणाली, "टीचर, मार्क तर सगळ्यांना पूर्णच आहेत ना?" मग तीन वाक्यं बोलून बसली. तिचं काय चुकलं? आमच्या हिशोबात 'तोंडी परीक्षा तरी होईल' हा मोठा लाभ म्हणून लिहिला होता, आणि तो लाभ माझ्या सहीबरोबरच संपला होता. मुलीला जे लगेच कळलं ते मला कळलं नव्हतं: परीक्षेला जीव होता तो कुणीतरी खरं ऐकून खरं सांगणार आहे यामुळे.

यावर उपयुक्ततावादी म्हणेल, मग तुमचा हिशोबच कच्चा होता, हा तोटाही धरायला हवा होता. मान्य. पण तो तोटा मला आधी का दिसला नाही, याचं उत्तर हिशोबात नाही. तो मला माझ्या कामातून दिसला असता. त्या रात्री मी माझं काम बाहेरून बघत होते, एखाद्या त्रयस्थ कारकुनासारखी.

पुढच्या वर्षी मी सही केली नाही. तक्ता दुसऱ्यांकडे गेला, आणि स्टाफरूममध्ये दहा मिनिटांत भरला गेला. मुलांना वीसपैकी वीस मिळाले. म्हणजे कागदावरचा परिणाम तोच. मी फक्त शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बोलायचा ठेवला, गुणांशिवाय. पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली. नंतर कधी पाच, कधी चौदा. चाळीसच्या वर्गात हे फार नाही, आणि मी सही केली असती तर याहून जास्त मुलांना निदान एकदा उभं राहावं लागलं असतं, हेही मला ठाऊक आहे.

मी बरोबर वागले हे विल्यम्सच्या आधाराने सिद्ध करता येत नाही, आणि मला करायचंही नाही. पण आता कुणी समंजस माणूस "तुम्ही नाही तर दुसरा कुणीतरी" म्हणत समोर आला, तर मी एक गोष्ट करते. दुसरा काय करेल हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवते आणि विचारते की यात माझं काम कोणतं आहे. त्याचं उत्तर मिळाल्यावर मग हिशोबही करते.